जारमधलं प्लास्टिक, नळातलं प्लास्टिक आणि बाळाची बाटली

प्रश्न: सर, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, म्हणून प्यायला वीस लिटरचा जार घेतो. बाळ आठ महिन्यांचं आहे, त्याचं वरचं दूध याच पाण्यात करते. परवा एका व्हिडिओत ऐकलं की बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात अडीच लाख प्लास्टिकचे कण असतात आणि त्याने हार्ट अटॅक येतो. जार बंद करून नळाचं पाणी द्यायचं का? आरओ घ्यावा का? नक्की काय माहीत आहे आणि काय नाही?

उत्तर:

ताई, आज रात्रीपासून काय करायचं ते आधी सांगतो, कारणं मागून. बाळाचं दूध स्टीलच्या भांड्यात कालवा आणि कोमट झाल्यावरच बाटलीत भरा. प्लास्टिकच्या बाटलीत कढत पाणी ओतून हलवणं तेवढं आजच थांबवा. जार की नळ म्हणाल, तर मी नळाच्या बाजूचा आहे, मात्र पाणी उकळून आणि निवळून घ्यायचं. पाण्यातल्या प्लास्टिकने हार्ट अटॅक येतो असं आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही. ज्या अभ्यासावरून ते वाक्य निघालं तो खरा आहे आणि गंभीरही आहे, पण त्यात कुणाचं पिण्याचं पाणी तपासलेलंच नव्हतं.

मी सोलापुरात बावीस वर्षं पाणी तपासणीचं काम करतो. तुमच्यासारखे प्रश्न घेऊन येणाऱ्या आया गेल्या दोन वर्षांत वाढल्यात, म्हणून जरा बैजवार लिहितो.

अडीच लाखांच्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण सगळी भीती त्यावर उभी आहे. तो जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून आला. तिथल्या संशोधकांनी लेझरवर चालणारी सूक्ष्मदर्शकाची नवी पद्धत वापरून तीन ब्रँडचं बाटलीबंद पाणी पाहिलं. लिटरमागे साधारण १ लाख १० हजारांपासून ३ लाख ७० हजारांपर्यंत कण मिळाले, सरासरी २ लाख ४० हजार. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रिडोनियाच्या विद्यापीठाने भारतासह नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या होत्या. त्यांची सरासरी होती लिटरमागे ३२५ कण. सहा वर्षांत पाणी सातशे पटींनी बिघडलं का? नाही. फ्रिडोनियावाल्यांना साडेसहा मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसतच नव्हते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोलंबियाचे शंभरातले नव्वद कण एका मायक्रॉनच्या आतले, म्हणजे नॅनोप्लास्टिक होते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

आता हेच कण मोजण्याऐवजी तोलून बघू. सोय म्हणून सगळे कण गोल आणि पाण्याइतकेच जड धरतो. शंभर मायक्रॉनचा एक कण अर्धा मायक्रोग्रॅम भरतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कणाची जाडी दहापट कमी झाली की वजन हजारपट कमी होतं. फ्रिडोनियाच्या ३२५ कणांत शंभर मायक्रॉनच्या वरचे जेमतेम दहा होते, त्यांचं वजन लिटरमागे निदान पाच मायक्रोग्रॅम. उरलेले तीनशे पंधरा दहा मायक्रॉनचे धरले, तर सगळ्यांचं मिळून ०.१६ मायक्रोग्रॅम. आणि कोलंबियाचे २ लाख ४० हजार कण ०.२ मायक्रॉनचे धरले, तर सगळ्यांचं मिळून ०.००१ मायक्रोग्रॅम! म्हणजे ते अडीच लाख कण एका पारड्यात टाकले, तर दुसऱ्या पारड्यात दहा मायक्रॉनचे दोन कण पुरतात.

हा हिशेब मी धीर द्यायला मांडत नाही. तो दोन्हीकडून कापतो. वजनाने जे जास्त आहेत ते मोठे कण बहुतेक शौचावाटे निघून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटलंय की १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता नाही. आतड्याची भिंत ओलांडण्याची शक्यता खरी आहे ती वजनाने नगण्य असलेल्या अगदी बारक्या कणांची. त्यामुळे 'किती कण' या प्रश्नाला एकट्याने अर्थ नाही. किती मोठे, कोणत्या प्लास्टिकचे आणि त्यांतले आत किती शिरले, हे कळल्याशिवाय धोक्याचा आकडा बनत नाही. बारक्या कणांतले किती आत शिरतात आणि किती दिवस राहतात, हे माणसात अजून कुणी नीट मोजू शकलेलं नाही. अज्ञानाची खरी जागा ही आहे.

मोजणीतच किती खाचा आहेत ते आमच्याच टेबलावरचं सांगतो. मागे एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या घरचा जार आणून दिला. आमच्याकडे कोलंबियासारखं यंत्र नाही. आम्ही पाच लिटर पाणी बारीक गाळणकागदातून ओढून घेतलं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नऊ तंतू दिसले, बहुतेक निळे, आणि काही चपटे तुकडे. संशय आला की आम्ही सुई लाल करून तंतूजवळ नेतो. प्लास्टिक असेल तर तंतू आक्रसतो, गुंडाळतो. सुती असेल तर हलत नाही, नाहीतर जळून काळा पडतो. नऊपैकी आठ आक्रसले. गृहस्थ घाबरले. मग आमच्या सहकारी बाईंनी नियमाप्रमाणे कोरी चाचणी लावली, म्हणजे आधीच गाळून स्वच्छ केलेलं पाणी त्याच भांड्यांतून, त्याच खोलीत, तसंच कागदातून ओढलं. त्यातही सात तंतू निघाले. तेही निळेच. खुर्चीवर पॉलिएस्टरची निळी ओढणी टाकलेली होती आणि वर पंखा चालू होता. म्हणजे जारचे म्हणावे असे तंतू जेमतेम एक-दोन उरले. चपटे तुकडे मात्र कोऱ्या चाचणीत एकही नव्हते. ते निळसर-पांढरे होते, एका कडेला सरळ कापल्यासारखे, आणि झाकणाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारे.

म्हणून 'आमच्या पाण्यात शून्य मायक्रोप्लास्टिक' असं कुणी म्हणालं किंवा 'तुमच्या पाण्यात इतके कण' असा कागद कुणी हातात दिला, तर दोन गोष्टी विचारा. किती मायक्रॉनपर्यंतचे कण मोजले, आणि कोऱ्या चाचणीत किती निघाले? उत्तर नसेल तर कागद बाजूला ठेवा. कोलंबियाच्या अभ्यासावरही काही शास्त्रज्ञांनी कोऱ्या चाचणीच्याच मुद्द्यावर आक्षेप घेतला होता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मोजणीची ठरावीक पद्धत लागू केली, तीत किमान हजार लिटर पाणी गाळायला सांगितलंय आणि २० मायक्रॉनच्या वरचेच कण मोजायचे आहेत. त्याखालचं भरवशाने मोजणं नेहमीच्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात अजून नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात मायक्रोप्लास्टिकची मर्यादाच नाही. जारवाल्याकडे 'सगळं मानकात बसतं' असा अहवाल असला, तरी त्यात प्लास्टिकबद्दल एक अक्षर नसतं.

आता ते झाकणाचे तुकडे. बाटलीतलं प्लास्टिक मुख्यतः नदीतून येतं असं लोकांना वाटतं. फ्रिडोनियाच्या मोठ्या कणांत निम्म्याहून जास्त पॉलिप्रोपिलीन होतं, आणि बाटल्यांची झाकणं बहुधा त्याच जातीच्या प्लास्टिकची असतात. इटलीत मिलानच्या संशोधकांनी २०१९ मध्ये बाटल्यांची झाकणं एकदा, दहा वेळा, शंभर वेळा उघडून-लावून पाहिली. झाकणाच्या आणि बाटलीच्या गळ्याच्या आट्यांवर कणांचा चुरा वाढत गेला. बाटली दाबण्या-चेपण्याने मात्र तसा फरक पडला नाही. तुमच्या जारला नळाची तोटी असेल किंवा झाकण दिवसातून दहादा फिरत असेल, तर कण तयार व्हायची जागा तीच.

आपल्या जारची यापुढची गोष्ट सोलापूरची आहे. जार हा एकदा वापरून टाकायचा नसतो, तो वर्षानुवर्षं फिरतो. जर्मनीत म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये मिनरल वॉटरच्या बाटल्यांची तुलना केली. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीत लिटरमागे सरासरी १४ कण, आणि परत करून पुन्हा भरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत ११८. घासणं, धुणं, आदळणं याने पृष्ठभाग खरवडला जातो, हे कारण उघड आहे. काचेच्या बाटलीतही ५० निघाले, त्यामुळे काच म्हणजे शून्य असंही धरू नका. तिथे झाकण आणि त्याचा रंग आड येतो.

तुमच्या दारात येणारा जार उन्हात धरून बघा. आतून धुरकट, ब्रशच्या गोल ओरखड्यांनी भरलेला, बुडाशी पिवळट असेल, तर तो बदलायची वेळ कधीच टळून गेलेली आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा हेच जार उघड्या टेंपोत दुपारभर फिरतात. उष्णतेने आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यातली रसायनंही पाण्यात जास्त उतरतात. तरीही जारबाबत मला पहिली काळजी प्लास्टिकची वाटत नाही, जंतूंची वाटते. थंड पाण्याचे जे कॅम्पर मिळतात, त्यांतले बरेच सीलबंद नसतात, त्यावर बॅच नंबर नसतो, भरल्याची तारीख नसते. त्यात क्लोरीन उरलेलं नसतं, म्हणून एकदा जंतू शिरले की वाढायला मोकळं रान. आमच्याकडे आलेल्या अशा पाण्याच्या नमुन्यांत कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची शंका आणणारे जंतू, निघणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आठ महिन्यांच्या बाळाला चार जुलाबांत जे होऊ शकतं, त्याबद्दल विज्ञानाला कसलीही शंका नाही.

आता नळ. आपलं पाणी मुख्यतः उजनीचं. वर पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, आणि त्यात घराघरांतल्या कपडे धुण्याचे पॉलिएस्टरचे तंतू असणारच. पण पाणी तुमच्याकडे येण्याआधी पाकणी किंवा सोरेगावसारख्या शुद्धीकरण केंद्रातून जातं. तिथे तुरटीने गढूळपणाचे गोळे बनतात, ते बुडाशी बसतात, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळलं जातं. ही पद्धत मुळात माती आणि जंतूंसाठी आहे, पण प्लास्टिकचे कणही त्या गोळ्यांत अडकतात. चेक प्रजासत्ताकातल्या तीन केंद्रांवर २०१८ मध्ये एक मायक्रॉनपर्यंतचे कण मोजले, तेव्हा शुद्धीकरणात ७० ते ८३ टक्के कण कमी झाले होते. सोलापूरचा असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण तुरटी आणि वाळू इथेही तशीच काम करते. केंद्र नीट चाललंय की नाही याची खूण पाण्याच्या गढूळपणात दिसते. पावसाळ्यात पाणी मातकट आलं, तर समजायचं की गाळणी कमी पडली आणि कणही जास्त आले असणार.

पुढे पाणी घरच्या टाकीत येतं, आणि चार दिवस तिथे थांबतं. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी काळजीने बघा. झाकण उन्हाने तडकलेलं असतं, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे झिजलेलं प्लास्टिकच. झाकण बदला, टाकीवर सावली करा, वर्षातून दोनदा धुवा. पिण्याचं पाणी टाकीतून घेण्यापेक्षा पाणी सुटलं की थेट नळावरून स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेलं चांगलं. तांब्याचं भांडं मात्र फक्त साठवणीला, त्यात बाळाचं दूध कालवू नका.

आता उकळण्याचं. इथे सोलापूरच्या जड पाण्याचा, ज्याला आपण नावं ठेवतो, चक्क उपयोग होतो. चीनमध्ये ग्वांगझोच्या संशोधकांनी २०२४ मध्ये नळाच्या पाण्यात नॅनो आणि मायक्रोप्लास्टिक मिसळून ते पाच मिनिटं उकळलं. पाणी जड असेल तर उकळताना चुन्याचे क्षार बाहेर पडतात आणि प्लास्टिकचे कण त्या पांढऱ्या कणांत गुरफटून जातात. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यातून नव्वद टक्क्यांच्या आसपास कण निघाले. ८० मिलिग्रॅमच्या हलक्या पाण्यातून फक्त ३४ टक्के. सोलापुरात तुमच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच हा क्षार. बोअरच्या पाण्याने थर जास्त धरतो, उजनीच्या पाण्याने जरा कमी.

पण अट एकच, तो क्षार पेल्यात यायला नको. पाणी पाच मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून रात्रभर न हलवता ठेवायचं, सकाळी वरचं पाणी अलगद काढायचं आणि बुडाशी दोन बोटं पाणी राहू द्यायचं. वरून गाळायचं तर घट्ट विणीचं सुती कापड चारपदरी करून, उकळत्या पाण्यात धुतलेलं. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड नको, नाहीतर गाळणच तंतू सोडेल. प्रयोगात त्यांनी बारीक गाळणकागद वापरला होता, आपल्या कापडातून तेवढं निघणार नाही हे मान्य. पण ज्या कामासाठी आपण उकळतो ते जंतू मारण्याचं काम पूर्ण होतं आणि प्लास्टिकही बरंच बसतं. पातेलं दर आठवड्याला व्हिनेगर किंवा लिंबाने घासा, म्हणजे जुना थर सुटून पाण्यात यायचा नाही.

आरओबद्दल थोडक्यात. आरओचा पडदा हे कण अडवतो, यात वाद नाही. पण यंत्राच्या आत प्लास्टिकची टाकी, प्लास्टिकच्या नळ्या आणि पॉलिप्रोपिलीनचं गाळण असतं, आणि पडदा स्वतः पॉलिअमाइडचा, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा असतो. कोलंबियाच्या बाटल्यांत पॉलिअमाइड सापडलं, तेव्हा ते बाटली भरण्याआधीच्या गाळणीतून आलं असावं असा अंदाज त्यांनीच मांडला. तुमच्याकडे बोअरचं खारं पाणी असेल तर आरओ हवाच. उजनीच्या पाण्याचा टीडीएस पाचशेच्या आत असेल, तर केवळ प्लास्टिकसाठी आरओ घेऊ नका. आणि दारात येणारा विक्रेता दोन काड्या पाण्यात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतो, त्याला भुलू नका. तो रंग लोखंडाच्या काडीचा गंज असतो, क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात येतो. टीडीएस मीटरला तर प्लास्टिक दिसतच नाही, तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो.

हार्ट अटॅकचं आता सविस्तर. हा अभ्यास इटलीतला, मार्च २०२४ मध्ये छापलेला. मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी चरबीच्या थराने अरुंद झालेले रुग्ण होते, शस्त्रक्रियेत तो थर काढला आणि तपासला. २५७ जणांचा पुढे सरासरी जवळपास तीन वर्षं पाठपुरावा झाला. १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन सापडलं, १०७ जणांच्या थरात प्लास्टिक मिळालं नाही. त्या १५० पैकी ३० जणांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू आला, १०७ पैकी ८ जणांना. वय, मधुमेह, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही धोका साडेचार पट निघाला. हे हलक्यात घ्यायचं नाही. मी वाचलं तेव्हा मीही थबकलो.

पण त्यातून काय निघत नाही तेही बघा. हे सगळे आधीच धमनीविकाराचे रुग्ण होते. प्लास्टिकमुळे थर बिघडला, की बिघडलेल्या, सुजलेल्या थरात प्लास्टिक जास्त अडकलं, हे या रचनेत वेगळं करता येत नाही. शस्त्रक्रियेची खोली स्वतः प्लास्टिकने भरलेली असते, त्यामुळे माझ्या टेबलावरच्या ओढणीचाच प्रश्न तिथेही येतो, आणि तो संशोधकांनी स्वतः मान्य केलाय. ते प्लास्टिक पाण्यातून आलं, अन्नातून की श्वासातून, हे कुणी पाहिलं नाही. फेब्रुवारी २०२५ मधला मेंदूत प्लास्टिक सापडल्याचा अमेरिकेतला अभ्यास आणखी वादात आहे. तिथे नमुना हवेविना खूप तापवून निघणाऱ्या वायूंवरून प्लास्टिक ओळखतात, आणि चरबी तशी तापवतानाही पॉलिथिलीनसारखेच तुकडे निघतात. मेंदूत चरबी भरपूर. म्हणून त्यातल्या आकड्यांवर माझा भरवसा कमी आहे, प्लास्टिक अजिबात नाही असं मात्र म्हणत नाही.

उंदरांवरचे प्रयोग तुम्ही वाचले असतील, आतड्याला सूज, जंतूंचा समतोल बिघडणं वगैरे. त्यांत बहुधा कारखान्यात बनवलेले एकसारखे गोल पॉलिस्टायरीनचे मणी वापरतात, आणि मात्रा माणसाच्या वाट्याला येते त्याच्या कितीतरी पट. आपल्या पाण्यातले कण वेडेवाकडे, उन्हात जुने झालेले, वेगवेगळ्या जातींचे. एकावरून दुसऱ्याचा अंदाज करता येतो, निष्कर्ष काढता येत नाही. प्लास्टिकच्या तंतूंनी माणूस आजारी पडल्याचा पक्का पुरावा आहे तो श्वासाचा. उत्तर अमेरिकेत नायलॉनचा बारीक भुसा हाताळणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा आजार झाल्याचं नव्वदच्या दशकात सिद्ध झालं. यंत्रमागांच्या आपल्या गावात हे मला पाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. घरात कुणी कृत्रिम धाग्याच्या कामावर असेल, तर त्यांनी कामाचे कपडे बाहेर झटकूनच बाळाला घ्यावं, आणि घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. रांगतं बाळ जमिनीलगतची धूळ सगळ्यात जास्त घेतं.

आता बाटलीवर परत येतो, कारण तुमच्या घरात सगळ्यात मोठी मात्रा तिथे असू शकते. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये पॉलिप्रोपिलीनच्या दूधबाटल्या नेहमीच्या रीतीने निर्जंतुक करून, गरम पाणी घालून हलवून पाहिल्या. लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत कण निघाले. पाणी २५ अंशांचं असताना सहा लाख, ९५ अंशांचं असताना साडेपाच कोटी. जार आणि नळ यांतला फरक यापुढे किरकोळ आहे. यानेही बाळाला अमुक आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण जे फुकटात आणि दोन मिनिटांत टाळता येतं, ते टाळायला पुराव्याची वाट का बघायची?

रीत अशी. पावडरचं दूध असेल, तर पाणी उकळून जास्तीत जास्त अर्धा तास थांबा, ते ७० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, कारण पावडरमधले जंतू त्या उष्णतेनेच मरतात. वर सांगितलेलं निवळलेलं पाणीच त्यासाठी पुन्हा उकळून घ्या. ते स्टीलच्या भांड्यात पावडरवर ओता, स्टीलच्या चमच्याने ढवळा, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून अंगाइतकं कोमट करा. बाटली निर्जंतुक करायला उकळली असेल, तर ती आधी वेगळ्या उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा. ते पाणीही स्टीलमध्येच उकळलेलं हवं. मग दूध भरा. उरलेलं दूध बाटलीतच पुन्हा गरम करू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. याहून सोपं म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाला वाटी-चमचा किंवा स्टीलचं बोंडलं. ते घासायला सोपं, त्यात जंतू लपायला जागा नाही आणि झिजून पडायला प्लास्टिक नाही. सासूबाईंना विचारा, घरात एखादं जुनं बोंडलं नक्की निघेल. अंगावर पाजत असाल तर ते चालू ठेवाच.

एक शेवटचं, चौथ्या दिवसाच्या पाण्याबद्दल. नळाला पाणी येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरावं असं मानक सांगतं. साठवणीत ते रोज कमी होत जातं. औषधाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेचं साहित्य मिळतं तिथे क्लोरीन तपासायचा छोटा संच मिळतो, दोन-तीन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पाणी आलं त्या दिवशी तपासा आणि चौथ्या दिवशी पुन्हा तपासा. चौथ्या दिवशी पिवळेपणा अजिबात आला नाही, तर त्या दिवशीचं पाणी मोठ्यांनीही न उकळता पिऊ नका. आणि जार सोडण्याआधी त्याचाही एक नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जंतूंसाठी देऊन बघा. नमुन्याची बाटली तिथूनच निर्जंतुक केलेली घ्या, तोटी आधी पुसून, थोडं पाणी वाहू देऊन मग भरा, आणि सहा तासांच्या आत पोचवा. उशीर होणार असेल तर बर्फात ठेवून न्या.